सकाळच्या फोनवर काय सांगायचं?

«मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. माझा दादा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गेली चार-पाच वर्षं तो रोज पितो. सकाळी उठला की हात थरथरतात आणि एक घोट पोटात गेला की थांबतात. ज्या दिवशी त्याला उठताच येत नाही, त्या दिवशी त्याच्या सुपरवायझरला फोन मी करते. वहिनीला खोटं बोलताना रडू येतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कधी ताप, कधी पोट, एकदा तर न झालेल्या अपघाताची गोष्ट रचली. वहिनीचे भाऊ म्हणतात, फोन बंद करा, नोकरी जाऊ दे, तळाला गेल्याशिवाय हा सुधारायचा नाही. आई म्हणते, नोकरी गेली तर उरलासुरला माणूसही जाईल. आता सगळ्यांनी मिळून ठरवलंय की पुढच्या सलग सुट्टीत त्याला चार दिवस खोलीत ठेवायचं आणि दारू पूर्ण तोडायची. त्याच आठवड्यात मी वर्गात ‘व्यसन : तीन दृष्टिकोन’ शिकवलं. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, यातला खरा कोणता?’ मी घड्याळाकडे बघून तास संपवला. मी फोन करणं थांबवू का? आणि जे शिकवते त्याचा घरात काही उपयोग आहे का?»
— एक वाचक

ताई, आधी त्या खोलीबद्दल बोलते. बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही. तो बेत रद्द करा.

सकाळी थरथरणारे हात आणि घोटाबरोबर थांबणारी थरथर हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे निघून गेलात. माझी नजर तिथंच अडकली. दादाच्या शरीरानं दारू धरूनच आपलं गणित बसवलेलं आहे. दारू मेंदूला सतत मंद करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं जास्त जोर लावून चालत आलेला असतो. दारू एकदम काढली की तो जोर तसाच राहतो आणि त्याला अडवणारं काहीच उरत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींची शुद्ध हरपते. आपण कुठं आहोत ते त्यांना कळत नाही, अंगावर किडे चालताना दिसतात, ताप चढतो. उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. तुम्ही ठरवलेले चार दिवस नेमके हेच आहेत, आणि तेसुद्धा बाहेरून कडी लावलेल्या खोलीत.

हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवं. ते मेंदूला शांत करणारं, शरीरात बराच वेळ टिकणारं औषध देतात आणि साधारण आठवडाभरात त्याचा डोस उतरवत नेतात. सोबत थायमिन म्हणजे ‘ब-1’ जीवनसत्त्व देतात. खूप वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात त्याची खडखडाट असते आणि ती भरून न काढता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती पितो, शेवटचा घोट कधी घेतला, आणि पूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली होती का. आली असेल तर घरी उपचारांचा विचारच नको, भरती करा. आणि तोवर त्याचा सकाळचा घोट हिसकावू नका. सल्ल्याच्या सदरात हे वाक्य विचित्र दिसेल, दिसू दे.

हे पत्र ज्यांच्या घरात दारूऐवजी दुसरं काही आहे तेही वाचतील, म्हणून एवढं जोडते. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर धोका दारूसारखाच आहे, त्या एकदम बंद करू नयेत. हेरॉइन किंवा अफूजन्य गोळ्यांचं उलटं आहे. त्या सुटताना माणूस तळमळतो, पण एरवी धडधाकट असेल तर त्यानं सहसा मरत नाही. त्याचा धोका पुढं असतो. काही आठवडे लांब राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग जुन्या सवयीनं घेतलेली जुनी मात्रा जीव घेते. म्हणून अशा माणसाला कोंडून ठेवून ‘स्वच्छ’ करणं आणि मग सोडून देणं हे सगळ्यांत घातक.

आता फोन.

तुम्ही विचारलंत, जे शिकवते त्याचा घरात उपयोग आहे का. या प्रश्नात असं धरलंय की सिद्धांत वर्गात असतो आणि घरात नुसतं दुःख असतं. मला वाटतं तुमच्या घरात तिन्ही सिद्धांत जेवायला बसतात. वहिनीचे भाऊ एक बोलतात, आई दुसरं बोलते, आणि तिसरं तुम्ही सकाळच्या फोनवर सुपरवायझरशी बोलता. फक्त त्यांना आपण सिद्धांत बोलतोय हे माहीत नाही.

प्रकार्यवादापासून सुरू करू या, म्हणजे प्रत्येक भाग सगळी व्यवस्था चालू ठेवायला काय काम करतो हे बघणाऱ्या दृष्टिकोनापासून, पण तुम्ही वर्गात जिथून सुरू करत असाल तिथून नको. व्यसन म्हटलं की बहुतेक पाठ्यपुस्तकं समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा 1938 चा तक्ता काढतात: समाजानं दाखवलेली ध्येयं सोडली, मार्गही सोडले, तो ‘पलायनवादी’, आणि दारुडा, गर्दुल्ला त्या रकान्यात. मला तो तक्ता दादासारख्या माणसांसमोर नेहमी लंगडा वाटत आलाय. दादानं कुठं काय सोडलंय? तो घोट घेतो तो कामावर जाता यावं म्हणून. ध्येयही तेच, मार्गही तोच, मधे फक्त बाटली आली.

त्यापेक्षा 1954 चा जोन जॅक्सन यांचा निबंध काढा. दारू पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांच्या गटात बसून, त्यांचं ऐकून त्यांनी कुटुंबाच्या सात अवस्था मांडल्या. आधी प्रश्न नाहीच असं म्हणणं, मग तो संपवण्याची धडपड, मग विस्कळीतपणा. चौथ्या अवस्थेत कुटुंब दारू धरूनच नव्यानं बसतं. पैशांचं एक जण पाहतो, मुलांचं दुसरा, बाहेरच्या जगाशी बोलणारा तिसरा. पाचवी-सहावी म्हणजे वेगळं होणं आणि त्याला वगळून घर उभं करणं, आणि सातवी, तो बरा झाला तर त्याच्यासकट पुन्हा बसणं. त्या काळी जाणकार म्हणवणारी मंडळी बायकांनाच दोष द्यायची, की हिच्याच मनात काही खोट आहे म्हणून हिनं असा नवरा निवडला. जॅक्सन यांनी उलट दाखवलं: या बायका विचित्र वागतात ते सततच्या संकटाशी जुळवून घेताना, आणि त्या परिस्थितीत कुणीही तसंच वागेल.

तुमचं घर चौथ्या अवस्थेत आहे. ‘वहिनीला रडू येतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं’ हे तुमचंच वाक्य. कामाची वाटणी झाली, तुमच्याकडे परराष्ट्र खातं आलं. ही व्यवस्था चालते, म्हणूनच ती टिकते. दादा पितो, तुम्ही फोन करता, गोदामाचं दुसऱ्या माणसावर भागतं, पगार येतो, आई निश्वास सोडते. प्रकार्यवादी डोळ्याला दिसतं ते हे की तुमचा फोन या यंत्राचा एक दात आहे. तो वाईट हेतूनं बसवलेला नाही, पण तो फिरतो म्हणून पुढचं चाक फिरतं. आणि जे यंत्राला दिसत नाही तेही बघा: तुम्ही फोन करता ते वाईट दिवसांना. मधल्या दिवसांना तो सकाळचा घोट घेऊन फोर्कलिफ्टवर बसतो, आणि त्या रॅकांमधून माणसं चालत असतात. एखाद्या वाईट दिवशी तुमचा फोन त्या माणसांना वाचवतो. एरवी तोच फोन गोदामाला काही कळू देत नाही.

म्हणजे फोन बंद करा, असं हा दृष्टिकोन सांगेल. वहिनीचे भाऊ तेच सांगतात, फक्त रागानं.

इथं आईला बोलू द्या. ‘नोकरी गेली तर उरलासुरला माणूसही जाईल.’ ताई, ही माया आहेच, पण त्याहून जास्त हा संघर्षवाद आहे, म्हणजे सत्ता आणि पैसा कुणाकडे आहे आणि किंमत कोण मोजतो हे विचारणारा दृष्टिकोन. परिणाम भोगू दे म्हणताना आपण धरून चालतो की परिणाम सगळ्यांना सारखे भोगावे लागतात. तसं नसतं. गोदामाच्या ऑफिसात केबिन असलेला माणूस तेवढंच पीत असेल तर त्याला ‘बर्न-आउट’ होतो, दोन महिन्यांची रजा मिळते आणि परत आला की लोक त्याचं कौतुक करतात. फोर्कलिफ्टवाल्याच्या तोंडाला वास आला तर त्याच दिवशी गेटपास काढून घेतात. (सुरक्षेचं कारण खरं आहे, यंत्र चालवणाऱ्याची तपासणी व्हायलाच हवी. पण मग सही करून ब्रेक नसलेली यंत्रं चालू ठेवणाऱ्याचीही व्हावी.)

याचं सगळ्यांत उघडं उदाहरण तुम्ही वर्गात देत असाल. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे, विकताना पकडलं तर किमान पाच वर्षं तुरुंग, आणि भुकटीच्या रूपातल्या कोकेनसाठी तीच शिक्षा व्हायला 500 ग्रॅम लागत. मूळ पदार्थ एकच. क्रॅकच्या खटल्यांत आरोपी बहुसंख्येनं कृष्णवर्णीय होते. 2010 मध्ये तो आकडा 28 ग्रॅमवर नेला, म्हणजे शंभरास एक हे प्रमाण अठरास एक झालं, आणि त्याला सुधारणा म्हटलं गेलं. समाजाला कुठलं व्यसन ‘समस्या’ वाटतं हे पदार्थ किती घातक यावरून ठरत नाही, तो कोणाच्या हातात आहे यावरून बरंचसं ठरतं, असं संघर्षवादी म्हणतात ते इथं आकड्यात दिसतं.

दारूत दुसरी बाजूही आहे, ती विकणाऱ्याची. इंग्लंडमधला 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सरकारनं सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पिणारे तिथं प्रौढांमध्ये साधारण चौथा हिस्सा होते, आणि दारूच्या विक्रीतलं 68 टक्के उत्पन्न त्यांच्याकडून येत होतं. ‘जबाबदारीनं प्या’ अशी पाटी लावणाऱ्या उद्योगाचं पोट दादासारख्यांवर चालतं. सगळे खरोखर जबाबदारीनं प्यायला लागले तर त्यांचे हिशेब कोसळतील. हे ऐकून दादाची थरथर थांबणार नाही, कबूल. पण घरात जे वाक्य सारखं फिरतं, ‘त्याच्यात इच्छाशक्तीच नाही’, ते जरा खाली ठेवता येईल.

तर संघर्षवादी दृष्टिकोन फोनबद्दल सांगतो: थांबवण्याआधी कागद बघा. आजारपणाची रजा किती शिल्लक आहे, कशावर मिळते, उपचारासाठी भरती झाल्यास नोकरी राहते का, कामगारांची संघटना आहे का, सुपरवायझर कुणाच्या मर्जीनं चालतो. बहुतेक घरं हे बघतच नाहीत. मी व्यसनी माणसांच्या कुटुंबांच्या गटात बरीच वर्षं बसले. तिथं एक बाई दर आठवड्याला विचारायची, नोकरी वाचेल का, नोकरी वाचेल का, आणि नेमणुकीचं पत्र तिनं कधी उघडलेलंच नव्हतं. उघडलं तेव्हा त्यात वैद्यकीय रजेचं कलम निघालं. ते वापरायची मुदत मात्र तिच्याच खोट्या निरोपांनी खाल्ली होती. एकेक दिवस ‘ताप’ म्हणून सगळी रजा आधीच संपली होती.

तुमच्याही बाबतीत हीच भीती आहे. आज घरी बसून गेलेला एकेक दिवस उद्या दवाखान्यात लागणार आहे.

आता तिसरा, आणि फोनवरचे नेमके शब्द त्याच्या हातात आहेत. आंतरक्रियावाद विचारतो की माणसाला लोक काय म्हणतात, तो स्वतःला काय म्हणायला लागतो, आणि अंगात जे होतंय त्याला तो काय नाव देतो. 1930 च्या दशकात आल्फ्रेड लिंडस्मिथ शिकागोत अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेल्यांशी बोलत होते. त्यांना एक कोडं होतं. दवाखान्यात आठवडेच्या आठवडे मॉर्फिन मिळालेले कितीतरी रुग्ण घरी जाऊन सगळं विसरतात, मग काही जणच का अडकतात? त्यांचं उत्तर असं: औषध थांबल्यावर होणारा त्रास हा ‘ते न मिळाल्यामुळे’ आहे हे ज्याला उमगतं आणि तो त्रास घालवायला जो ते पुन्हा घेतो, तो व्यसनी होतो. दवाखान्यातल्या रुग्णाला वाटतं, ऑपरेशनचा अशक्तपणा आहे. त्रास तोच, अर्थ वेगळा. पुढच्या संशोधनानं यावर बऱ्याच शंका घेतल्या, आणि शरीराची बाजू त्यांनी कमी लेखली हे खरं. तरी दादाचा सकाळचा घोट बघा. तो मजेसाठी नाही, तो ‘औषध’ झालाय, आणि त्याला ते नाव देणारं वाक्य घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलेलं असेल. ‘थोडी घे आणि जा कामाला.’

शब्दाचा भार किती असतो याची एक साधी चाचणी 2010 मध्ये जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ यांनी घेतली. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पाचशेहून अधिक जणांना एका माणसाची हकिगत वाचायला दिली. सगळं तेच, फक्त निम्म्यांच्या कागदावर तो ‘नशाबाज’ अशा धाटणीच्या शब्दानं येत होता आणि निम्म्यांच्या कागदावर ‘नशेचा विकार असलेला’ असा. पहिला कागद वाचणाऱ्यांना तो जास्त दोषी वाटला आणि त्याला शिक्षेकडे झुकणारी वागणूक द्यावी असं वाटलं. हे रस्त्यावरचे लोक नव्हते, उपचार करणारे होते. मग गोदामातला सुपरवायझर ‘दारुडा’ हा शब्द फाइलमध्ये एकदा लिहून बसला तर पुढं काय, याचा अंदाज करा. खरोखरचा ताप आला तरी तो त्याला दारूच म्हणणार.

म्हणजे एका फोनवर तिघांचं भांडण आहे. पहिला म्हणतो, झाकणं थांबव. दुसरा म्हणतो, उघडं पडल्याची किंमत त्याला इतरांहून जास्त मोजावी लागेल. तिसरा म्हणतो, उघडं करताना जे नाव देशील ते त्याला चिकटेल. तिघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच ‘फोन करू की नको’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. फोन कोणी करायचा, कशासाठी आणि कुठल्या शब्दांत, हे ठरवायचं आहे.

माझा क्रम असा. या आठवड्यात तुम्ही आणि वहिनी दादाशिवाय डॉक्टरांना भेटा. तो येत नसला तरी घरच्यांना भेटता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. मग नोकरीचे कागद. मग दादाशी बोलणं, सकाळच्या घोटानंतर, पण रात्रीच्या बाटलीआधी. पोटात काही नसताना तो थरथरत असतो आणि जास्त झाल्यावर त्याला आठवणार नाही, मधे तासा-दोन तासांची एक फट असते. त्या फटीत एवढंच सांगा: ‘दादा, पुढच्या सोमवारपासून तुझ्या ऑफिसला मी फोन करणार नाही. नंबर लावून तुझ्या हातात देईन. उपचाराची रजा मागायची असेल तर शेजारी बसेन.’ यात धमकी नाही, व्याख्यान नाही. आणि ठरलं ते पाळा. नाहीतर पुढच्या वेळी तो तुमच्या बोलण्याला दारूच्या जाहिरातीखालच्या सूचनेइतकीच किंमत देईल.

तो फोन करण्याच्या अवस्थेत नसेल आणि वहिनीला करावाच लागला तर वाक्य हे: ‘त्यांना आज यायला जमणार नाही, ते स्वतः तुमच्याशी बोलतील.’ ताप नाही, पोट नाही, आणि ‘पिऊन पडलेत’ हेही नाही. खोटंही नाही आणि शिक्काही नाही. सुपरवायझरनं खोदून विचारलं तरी हेच पुन्हा म्हणायचं. एक अपवाद ठेवा. तो प्यायलेला आहे आणि फोर्कलिफ्ट चालवायला निघालाच आहे असं दिसलं तर त्याला थांबवा, आणि थांबत नसेल तर गोदामाला कळवा की आज त्याला यंत्रावर बसवू नका. तिथं नोकरीचा विचार दुसऱ्या नंबरवर.

वहिनीच्या भावांचं ‘तळाला जाऊ दे’ मात्र मी मानत नाही. तळ कुठं आहे ते आधी कुणालाच माहीत नसतं, काहींचा तळ स्मशानात असतो. उपचाराला नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या घरच्यांवर अमेरिकेत एक तुलना झाली, 1999 साली प्रसिद्ध झाली. एका गटातल्या घरच्यांना शिकवलं की तो न प्यायलेला असताना त्याच्याबरोबर वेळ घालवायचा, प्यायल्यावर शांतपणे बाजूला व्हायचं, त्याची घाण निस्तरायची नाही, आणि उपचाराचा विषय त्याला स्वतःला लाज वाटलेल्या क्षणी काढायचा. त्या गटातले 64 टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी एकदम घेरून जाब विचारायच्या पद्धतीत 30 टक्के आले. त्या दुसऱ्या गटातल्या बहुसंख्य घरच्यांनी ते घेरणं ऐन वेळी केलंच नाही, त्यांच्यानं झालं नाही. तुमच्या खोलीच्या बेताचंही, मला वाटतं, तसंच झालं असतं. कडी लावायची वेळ आली की आईनं दार उघडलं असतं.

आणखी एक, तुम्ही लिहिलेलं नाही पण घरोघरी होतं म्हणून. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा असं एक औषध असतं, डायसल्फिराम. ते लपवून जेवणात कालवून द्यायचा सल्ला कुणीतरी देईल. देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि ज्याला माहीतच नाही तो घाबरून आणखी पितो. ते औषध माणसाच्या संमतीनं, त्याला सगळं सांगून द्यायचं असतं.

आणि वर्गातली ती मुलगी. तिला पुढच्या तासाला उत्तर द्या. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची गोष्ट सांगा. 1971 मध्ये अमेरिकी सैन्यात नियम आला की लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ सापडला तर घरी जाणाऱ्या विमानात बसू देणार नाही. त्या सप्टेंबरात परतलेल्या साध्या सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. जवळपास निम्म्यांनी तिथं हेरॉइन किंवा अफू घेतली होती, सुमारे पाचवा हिस्सा म्हणत होता की आम्हाला व्यसन जडलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता ही लाट देशात येणार. व्यसन जडलेल्यांपैकी परतल्यावरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडले ते साधारण 5 टक्के. तीन वर्षांपर्यंत बघितलं तरी 12 च्या आसपास.

आता वर्गाला तिन्ही चष्मे वाटा. प्रकार्यवादी म्हणेल, तिथं कंटाळा आणि भीती निभवायला ती नशा लागत होती, घरी आल्यावर मुलगा, नवरा, कामगार या भूमिकांनी ती जागा भरली. संघर्षवादी विचारेल, तिकडे पाठवलं कुणाला? आणि शहरातल्या गरीब वस्तीतल्या हेरॉइनवाल्याला तुरुंग, तर गणवेशातल्याला पाठपुरावा आणि सहानुभूती, हे कसं? आंतरक्रियावादी म्हणेल, व्यसन जडलं होतं असं म्हणणाऱ्यांनीही ते युद्धातलं धरलं, घरी आल्यावर स्वतःला ‘व्यसनी’ हे नाव लावलं नाही, आणि ज्या सोबत्यांत, ज्या वेळी, ज्या जागी ते घेत होते ते सगळं एका विमानप्रवासात मागं राहिलं. मग मुलीला विचारू द्या की यातलं कुठलं वाक्य काढलं तर 5 हा आकडा समजेनासा होतो. माझ्या मते तिसरं. तुमचं मत वेगळं असू शकतं, मुलीचंही. फक्त एक जपा: या गोष्टीवरून ‘जागा बदलली की व्यसन सुटतं’ असं कुणी घरी घेऊन जाऊ नये. त्या मुलांची नशा वर्षभराची होती आणि विमानानं त्यांचं सगळं जग एकदम बदललं. दादाची चार-पाच वर्षांची आहे, आणि दवाखान्यातून तो त्याच घरात, त्याच गोदामात, त्याच मित्रांत परत येणार आहे. त्याच गोदामाच्या वार्षिक पार्टीत ग्लास कंपनीच हातात देत असेल, तर त्या संध्याकाळी त्यानं कुठं असायचं हे आधी ठरवून ठेवा.

शेवटचं, जॅक्सन यांच्या सातव्या अवस्थेबद्दल. दारू सुटली की घरातली भांडणं वाढतात, आणि लोक चक्रावतात. चार-पाच वर्षं वहिनीनं पैसे सांभाळले, तुम्ही बाहेरचं जग सांभाळलंत. आता हा माणूस तिसऱ्या आठवड्यात ताजातवाना उठून विचारणार, माझं एटीएम कार्ड कुठाय? वहिनी देणार नाही. आई म्हणेल, दे ना, सुधारलाय तो. तुम्हाला वाटेल आपण मधे पडावं, कारण मधे पडायची सवय झालेली आहे. पडू नका. कार्ड कधी द्यायचं ते वहिनीनं ठरवायचं, आणि ती सहा महिने म्हणाली तर सहा महिने.